७८ अंशांवर अडकलेला गुडघा आणि सर्जनना लिहिलेलं पत्र

काकूंच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन सहा आठवडे झाले, तेव्हा तो ७८ अंश वाकत होता. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. पाचव्या आठवड्यात आकडा ७९ होता आणि चौथ्यात ७७. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन दांड्यांच्या साधनाने, मोजताना पाचेक अंशांची चूक सहज होते, त्यामुळे ७७, ७९ आणि ७८ हे माझ्या लेखी एकच माप. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे गुडघा एकाच जागी थांबला होता. त्या दिवशी व्यायाम संपल्यावर मी काकूंना सांगितलं, "आज मी तुमच्या सर्जनना पत्र लिहिणार आहे. पत्र तुम्हाला वाचून दाखवीन आणि मगच पाठवीन."

काकू थोड्या घाबरल्या. काही बिघडलंय का, असं त्यांनी विचारलं. त्यांना स्वतःला तर सगळं ठीक वाटत होतं. काठी घेऊन घरभर फिरत होत्या, रात्रीची झोपही बरी होती. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याला साधारण ६० ते ७० अंशच वाकावं लागतं, म्हणून ७८ अंशांचा गुडघा चालताना चांगला दिसतो. अडतं ते खुर्चीतून उठताना, कारण तिथे ९० च्या पुढे जावं लागतं. पायऱ्या चढायला त्याच्या आसपास आणि उतरायला आणखी थोडं जास्त लागतं. काकू खुर्चीतून उठताना उजवा पाय पुढे सरकवून ठेवत आणि सगळा भार डाव्या पायावर व दोन्ही हातांवर घेत. पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांच्या मुलीला हे सावधपणाचं लक्षण वाटत होतं. खरं तर गुडघ्यात जागाच नव्हती.

सहा आठवड्यांना नव्वदच्या आत असलेला गुडघा पाहिला की मी नुसती वाट बघत बसत नाही. बहुतेकांचा गुडघा या सुमाराला शंभराच्या आसपास पोचलेला असतो. पण आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला दोन सोबती लागतात. एक म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, कारण नंतर तो किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज त्यावरूनच येतो. आधीच ८० वर असलेला गुडघा नंतर ७८ वर राहिला, तर मी वेगळंच पत्र लिहिलं असतं. काकूंच्या कागदपत्रांत आधीचं वाकणं १०८ अंश नोंदलेलं होतं. दुसरा सोबती म्हणजे ऑपरेशन टेबलवर, भुलीखाली, टाके घालून झाल्यावर गुडघा किती वाकला. डिस्चार्ज कार्डावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. काकूंच्या शस्त्रक्रियेच्या टिपणात मात्र सर्जननी एका ओळीत १२० लिहून ठेवलं होतं. ती ओळ माझ्या फार उपयोगी पडली. बसवलेला सांधा वाकायला तयार होता आणि अडथळा नंतर तयार झाला, असं त्यावरून बऱ्यापैकी म्हणता येत होतं.

आता वेळेचं बोलते, कारण पत्राची घाई त्यासाठीच होती. शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या आत आणि भोवतीच्या आवरणात जखमेचे तंतू तयार होतात. सुरुवातीला ते कोवळे असतात आणि हलवले की सैल होतात. काही जणांत ते गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि घट्ट होत जातात. रुग्णाला भूल देऊन सर्जन गुडघा हलक्या हाताने वाकवतात आणि हे तंतू सोडवतात. याला मॅनिप्युलेशन म्हणतात. हे साधारण पहिल्या बारा आठवड्यांत केलं तर फायदा चांगला होतो. त्यानंतर तंतू पक्के होतात, हाती लागणारे अंश कमी होतात आणि जोर जास्त लावावा लागल्यामुळे हाड मोडण्याचा धोका वाढतो. मग दुर्बिणीतून किंवा उघडून तंतू कापण्याची वेळ येते. काकूंची सर्जनकडची पुढची तपासणी शस्त्रक्रियेला तीन महिने झाल्यावर होती, म्हणजे नेमकी ही मुदत संपताना. कोणी काही लिहिलं नसतं, तर सर्जनना हा गुडघा दिसला असता तेव्हा सगळ्यात सोपा उपाय हातातून गेलेला असता.

पण सर्जनना "वाकणं कमी आहे, कृपया पाहावे" असं दीड ओळीचं पत्र पाठवून काही होत नाही. वाकणं कमी का आहे याची जेवढी फोड मला माझ्या हातांनी करता येते, तेवढी त्या पत्रात हवी. म्हणून लिहायला बसण्याआधी मी काकूंना पुन्हा टेबलावर घेतलं. त्या दिवशी वेदनाशामक गोळी सत्रापूर्वी पाऊण तास घ्यायला सांगितलीच होती. गोळी न घेता केलेलं माप म्हणजे बहुतेक वेळा दुखण्याचंच माप असतं.

मोजण्याची पद्धत मी मुद्दाम जरा तपशिलात सांगते. काकू पाठीवर झोपल्या. गोनिओमीटरचा मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर ठेवला. एक दांडी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे आणि दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. हे तीनही उंचवटे मी दर वेळी बोटाने चाचपून शोधते. कपड्यावरून अंदाजाने मोजलं तर वाचनात दहा अंशांचा फरक पडू शकतो आणि मग आठवड्या-आठवड्याची तुलना निरर्थक होते. आधी काकूंनी स्वतः टाच सरकवत गुडघा वाकवला, ७५. मग मी टाचेवर हळू दाब देत पुढे नेलं, ७८. या दोन मापांतलं अंतर मला फार बोलकं वाटतं. रुग्णाने स्वतः वाकवलं तर ५५ आणि मी नेलं तर ८५ असं असतं, तर अडचण ताकदीची, दुखण्याची किंवा भीतीची आहे असं समजून मी आणखी दोन आठवडे माझ्याच पातळीवर काम केलं असतं. इथे अंतर तीन अंशांचं होतं. गुडघा जिथवर जाऊ शकत होता, तिथवर काकू स्वतःच नेत होत्या.

पुढचा प्रश्न, शेवटाला हाताला काय लागतं. दुखण्यामुळे थांबलेला गुडघा शेवटाला पोचतच नाही. रुग्ण आधीच श्वास रोखतो, मांडीचा स्नायू टणकन घट्ट होतो, आणि थोडा वेळ बोलत राहिलं, श्वास सोडायला लावला, की आणखी पाच-दहा अंश मिळतात. काकूंची मांडी मात्र माझ्या डाव्या हाताखाली मऊच होती, त्या माझ्याशी नातवाच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या, आणि तरीही ७८ ला गुडघा थांबला. जाड चामड्याचा पट्टा ताणावा तसा, हळूहळू कडक होत, दर वेळी त्याच जागी. मग स्नायू आकसून सैल सोडण्याची युक्ती केली. काकूंनी पाच सेकंद माझ्या हाताविरुद्ध गुडघा सरळ करायचा प्रयत्न करायचा, मग सोडून द्यायचा आणि मी लगेच थोडं पुढे न्यायचं. स्नायूचा अडथळा असेल तर इथे हमखास फरक दिसतो. दोन-तीन अंश मिळाले आणि पाय खाली ठेवून पुन्हा मोजलं तोवर गेलेही.

त्यांना पालथं झोपवूनही वाकवून पाहिलं. मांडीच्या पुढचा एक लांब स्नायू खुब्यावरून आणि गुडघ्यावरून असा दोन्ही सांध्यांवरून जातो. पालथं झोपल्यावर खुबा सरळ होतो आणि तो स्नायू आणखी ताणला जातो. तोच आखडलेला असेल तर पालथ्या स्थितीत गुडघा बराच कमी वाकतो. काकूंचा ७६ वाकला, म्हणजे जवळजवळ तेवढाच. गुडघ्याची वाटी बाजूला बऱ्यापैकी सरकत होती, पण खाली-वर फारच थोडी. वाकताना वाटी खाली सरकावी लागते. ती चिकटून बसली की गुडघा वाकायचा थांबतो.

एवढ्यावर माझं मत तयार झालं होतं, पण पत्राआधी मला काही धोक्याच्या गोष्टी बाजूला सारायच्या होत्या. कमी वाकणाऱ्या गुडघ्यामागे कधी कधी जंतुसंसर्ग दडलेला असतो. तो असेल तर पत्र लिहीत बसायचं नसतं, त्याच दिवशी फोन करायचा असतो. गुडघा थोडा गरम लागणं एवढ्यावर मी घाबरत नाही. नव्या सांध्याभोवतीची ऊब काही महिने राहू शकते. मी बघते ती दिशा. दुखणं आणि सूज आधी कमी होऊन पुन्हा वाढतायत का, आराम करतानाही ठणका आहे का, जखमेतून काही पाझरतंय का, ताप येतोय का. काकूंचं यातलं काहीच नव्हतं. वाटीच्या मध्यावर घेतलेला गुडघ्याचा घेर दुसऱ्या आठवड्यात डाव्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त होता, आता दोन. पोटरी मऊ होती, दाबल्यावर दुखत नव्हती, रक्ताच्या गुठळीची शंका येण्यासारखं काही नव्हतं. त्वचेचा रंग बदललेला नव्हता, घाम वेगळा येत नव्हता, नुसत्या स्पर्शाने आग होत नव्हती. ही शेवटची तीन लक्षणं मी मुद्दाम विचारते, कारण नसांशी संबंधित एका दुखण्यात गुडघा असाच आखडतो आणि तिथे भुलीखाली वाकवण्याआधी दुखण्याचाच विचार करावा लागतो.

राहिली कारणं, जी मला दिसूच शकत नाहीत. बसवलेला भाग मापाने मोठा आहे का, थोडा फिरून बसलाय का, मागचा बंध घट्ट राहिलाय का, वाटीची जाडी वाढलीये का. हे एक्स-रे आणि सर्जनची नजर यांचं काम. याबद्दल पत्रात अंदाज बांधणं मला योग्य वाटत नाही. पण "ही बाजू मी तपासू शकत नाही" हे स्पष्ट लिहिणं आवश्यक वाटतं. नाहीतर वाचणाऱ्याचा समज होतो की मी सगळं तंतूंच्या डोक्यावर मारून मोकळी झाले.

मी लिहायला घेतलं तेव्हा काकूंची मुलगी म्हणाली, "ताई, तुम्हीच जरा जोर लावून वाकवून टाका ना. एकदाच काय दुखायचं ते दुखेल." पुष्कळ घरांतून हे ऐकायला मिळतं आणि त्यामागे प्रेमच असतं. तिला मी आमच्या वहीतलं एक पान दाखवलं. चौथ्या आठवड्यात काकूंनी घरी कोणाच्या तरी सांगण्यावरून पायावर पाय दाबून गुडघा जबरदस्तीने वाकवला होता. दुसऱ्या दिवशी घेर दीड सेंटिमीटर वाढलेला आणि वाकणं ७० वर आलेलं. ते परत ७७ वर यायला आठवड्यातले उरलेले दिवस गेले. जागेपणी जोर लावला की मांडी झटकन आवळते, सगळा ताण वाटीच्या खालच्या दोरीसारख्या बंधावर आणि हाडावर येतो, आतून सूज वाढते आणि सूज आली की वाकायला असलेली जागा आणखी कमी होते. व्यायाम किती ताणायचा याचं माझं माप साधं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकणं कालच्याइतकं किंवा जास्त असलं पाहिजे आणि घेर वाढलेला नसावा. दोन्ही उलटं झालं तर आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला.

पत्र मी एका पानाच्या पुढे जाऊ देत नाही. सर्जन ते दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये उभ्या उभ्या वाचणार असतात. म्हणून पहिल्याच वाक्यात काय हवंय ते लिहिते, कारणं मागून येतात. काकूंसाठी लिहिलेलं पत्र असं होतं, फक्त नाव आणि तारखा काढल्या आहेत:

"आदरणीय सर,

आपल्या रुग्णाला या आठवड्यात किंवा पुढच्या आठवड्यात तपासावं आणि मॅनिप्युलेशनची गरज आहे का ते ठरवावं, ही विनंती. उजवा गुडघा बदलून आज सहा आठवडे झाले. वाकणं ७८ अंशांवर तीन आठवडे थांबलं आहे. त्यांची आपल्याकडची पुढची भेट शस्त्रक्रियेला तीन महिने झाल्यावर आहे.

वय ६६, मधुमेह, साखर औषधांवर आटोक्यात. आपल्या नोंदीनुसार शस्त्रक्रियेपूर्वी वाकणं १०८, टेबलवर १२०.

मी नेलेलं वाकणं, पाठीवर झोपवून, गोळीनंतर, गोनिओमीटरने: दुसरा आठवडा ६४, तिसरा ७५, चौथा ७७, पाचवा ७९, सहावा ७८. आज स्वतः वाकवून ७५. सरळ होण्यात दुसऱ्या आठवड्यात १० अंशांची कमी होती, आता ५.

शेवटाला कडक, ताणलेला अडथळा जाणवतो. मांडी सैल असते. स्नायू सैल करण्याच्या तंत्राने फरक टिकत नाही. पालथं झोपवून ७६. वाटी खाली-वर फारच कमी सरकते.

जखम कोरडी, बंद. ताप नाही, पाझर नाही. ऊब आहे, पण आठवड्यागणिक कमी होत आहे. घेर डाव्यापेक्षा २ सेंटिमीटर जास्त, आधी ४ होता. आराम करताना वेदना दहापैकी २, शेवटाला ६. पोटरी मऊ.

आठवड्यातून तीन सत्रं, एकही चुकलेलं नाही. घरी रोज चार वेळा व्यायाम, वहीत नोंद आहे. चौथ्या आठवड्यात घरी जास्त ताण दिल्याने तात्पुरती सूज आली होती, ती उतरली.

खुर्चीतून उठताना उजव्या पायावर भार घेता येत नाही. पायऱ्या एकेक करून.

माझ्या तपासणीवरून अडथळा दुखण्यापेक्षा सांध्याच्या आवरणाचा आणि वाटीभोवतीच्या तंतूंचा वाटतो. इम्प्लांटशी संबंधित कारण किंवा सौम्य संसर्ग मी माझ्या पातळीवर नाकारू शकत नाही.

तोपर्यंत सत्रं चालू ठेवते, जोर न वाढवता. मॅनिप्युलेशन ठरल्यास त्याच दिवसापासून रोज सत्र घेण्याची माझी तयारी आहे. दिवस आधी कळवावा, म्हणजे वेळ राखून ठेवता येईल."

खाली सही आणि फोन नंबर.

या पत्रातली काही वाक्यं ठरवून तशी लिहिली आहेत. दर आठवड्याचा आकडा दिलाय, "हळूहळू सुधारणा" असं नाही लिहिलं. ६४ वरून ७५ आणि मग एकदम सपाट रेषा, हे आकडे पाहून सर्जन स्वतः निष्कर्षाला येतात. तेच ६४, ६९, ७३, ७७, ८१ असं असतं, तर सहाव्या आठवड्यालाही वाकणं ८१ च असूनही मी मॅनिप्युलेशनचं नाव काढलं नसतं. हळू पण चढतंय, अजून दोन आठवडे बघू, असं मी लिहिलं असतं. कसं मोजलं हेही त्या ओळीतच आहे. सर्जन बसवून मोजतील, मी झोपवून मोजते, आणि दोन आकडे जुळले नाहीत की खरा मुद्दा बाजूला राहतो.

व्यायामाबद्दल "रुग्ण सहकार्य करतो" किंवा "करत नाही" असं मी लिहीत नाही. ते माझं मत झालं. सत्रं किती झाली, घरी किती वेळा केलं, ही नोंद झाली. कमी वाकणाऱ्या गुडघ्याचा दोष नकळत रुग्णाच्या आळसावर जातो, आणि एकदा फाइलमध्ये तसा शब्द पडला की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याच चष्म्यातून बघतो. चौथ्या आठवड्यातला अतिताणही म्हणूनच लिहिला. तो लपवला असता आणि काकूंनी तपासणीत सांगितला असता, तर बाकीच्या मापांवरचा विश्वासही कमी झाला असता.

सर्जनना "मॅनिप्युलेशन करावं" असं न लिहिता "गरज आहे का ते ठरवावं" लिहिलं. यात नुसता शिष्टाचार नाही. एक्स-रे मी पाहिलेला नव्हता, रक्ताचे रिपोर्ट नव्हते. संसर्ग असलेला किंवा चुकीच्या मापाचा गुडघा भुलीखाली वाकवून काही मिळत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. पण नुसतं "तपासावं" लिहूनही भागत नाही. काय ठरवायचंय आणि ते कधीपर्यंत, हे दोन्ही लिहिल्याशिवाय पत्र फाइलमध्ये जाऊन बसतं.

काकूंना पत्र वाचून दाखवलं. "सौम्य संसर्ग" या शब्दांवर त्या थांबल्या. तो आहे असं मी म्हणत नाहीये, तो नाही हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असं म्हणतेय, हे त्यांना समजावून सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली. कोणी वरवर पाहून अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलं, तर आधी सर्जनना विचारायचं. औषध आधी पोटात गेलं, तर सांध्यातलं पाणी काढून तपासण्याची वेळ आल्यास जंतू सापडत नाहीत आणि निदान अडकून बसतं.

सर्जनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटाला कडक आहे म्हणताय, की दुखतंय म्हणून थांबतायत?" मी मांडी सैल असल्याचं सांगितलं. "बरं, पाठवा," म्हणाले. त्या प्रश्नाचं उत्तर पत्रात होतंच, तरी त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या एका उत्तरावरच निर्णय ठरणार होता.

त्याच आठवड्यात तपासणी झाली. एक्स-रेमध्ये सगळे भाग जागेवर होते, वाटीची उंची ठीक होती. शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी सामान्य आला. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी दोन-तीन दिवसांत उसळतो आणि सगळं सुरळीत असेल तर काही आठवड्यांत खाली येतो. सहा आठवड्यांनंतरही तो वर असता, तर पुढचा रस्ता वेगळा झाला असता. सातव्या आठवड्यात मॅनिप्युलेशन ठरलं आणि सरांनी मला बघायला बोलावलं.

मुलीला "जोर" म्हणजे जे वाटत होतं, तसं तिथे काही नव्हतं. कमरेतून भूल दिल्यावर मांडी पूर्ण सैल पडली. सरांनी खुबा नव्वद अंशांत उचलून धरला आणि दोन्ही हात नडगीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या अगदी जवळ ठेवले. घोट्याला धरून दाबलं तर तरफ लांब होते, हाडावर ताण भलताच वाढतो आणि मांडीचं हाड मोडू शकतं किंवा वाटीखालचा बंध सुटू शकतो. मग नुसता स्थिर, हळू दाब. ७८ ला गुडघा थांबला, भुलीखालीसुद्धा. दुखण्याचा अडथळा असता तर तो तिथे राहिलाच नसता. थोड्या वेळाने बारीक कुरकुर ऐकू आली, हाताला तंतू सुटल्याचं कळतं ते हेच, आणि गुडघा ९०, १००, करत ११५ पर्यंत गेला. वाकलेल्या गुडघ्याचा फोटो काढून ठेवला. तो काकूंना दाखवायचा होता, कारण भूल उतरल्यावर गुडघा दुखतो, सुजतो आणि तो इतका वाकलाय यावर रुग्णाचा विश्वास बसत नाही.

खरं काम त्या दुपारी सुरू झालं. मॅनिप्युलेशनमध्ये मिळालेले सगळे अंश टिकत नाहीत. आतून थोडं रक्त पाझरतं, सूज येते आणि आठवडाभरात तंतू पुन्हा धरायला लागतात. म्हणून वेदनेची औषधं वेळच्या वेळी, बर्फ, आणि जागेपणी दर दोन तासांनी थोडं थोडं वाकवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ९२ होतं. काकूंचा चेहरा पडला, ११५ चे ९२ कसे झाले म्हणून. ही घसरण होणार हे त्यांना आधीच सांगितलं होतं, तरी आकडा पाहिल्यावर वाईट वाटतंच. पहिले दोन आठवडे रोज सत्र झालं. आठवड्याने ९८, तीन आठवड्यांनी १०१. या वेळी रेषा हळू चढत राहिली, सपाट झाली नाही.

शस्त्रक्रियेला तीन महिने झाले तेव्हा मी सरांना दुसरं पत्र पाठवलं, तेही एकाच पानाचं. वाकणं १०४, सरळ होण्यात ३ अंश कमी, घेरातला फरक एक सेंटिमीटर. काकू खुर्चीतून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठतात. पायऱ्या एकाआड एक पाय टाकून चढतात, उतरताना मात्र अजून कठडा धरून एकेक पायरी घेतात. तिथे वाकणं पुरेसं आहे, मांडीची ताकद कमी पडते. म्हणून आता व्यायामाचा रोख ताकदीकडे वळवला आहे आणि वाकण्याचं माप महिन्यातून एकदाच घेते आहे, असं त्यात लिहिलं. वाकणं पुन्हा ९५ च्या खाली आलं किंवा दुखणं नव्याने वाढलं, तर ठरलेल्या भेटीची वाट न बघता कळवीन, असंही लिहिलं.